अनोळखी माणसाला कामासाठी पहिला मेसेज: इमोजी, संक्षेप आणि व्हॉइस नोट चालतात का?

मी मुद्रितशोधन करते. काम जास्त झालं की दुसऱ्या मुद्रितशोधकांना सोबत घेते, त्यामुळे अनोळखी माणसाला कामासाठी पहिला मेसेज पाठवणं आणि तसा मेसेज आपल्याला येणं या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. काही काळापूर्वी एका अनोळखी नंबरवरून मला हा मेसेज आला:

> हाय 👋 काम आहे एक, अर्जंट. प्रूफ बघता ना तुम्ही? 🙏 पीपी रेट सांगा एएसएपी. डिटेल्स व्हीएनमध्ये 👇

खाली 1 मिनिट 48 सेकंदांची व्हॉइस नोट होती. मी तेव्हा बाहेर होते, कानात लावायला काही नव्हतं, म्हणून ऐकणं राहून गेलं. 4 दिवसांनी ती ऐकली. काम चांगलं होतं, माणूसही सरळ वाटला, पण तोवर त्याने दुसऱ्या कोणाला तरी गाठलं होतं. ती सगळी नोट मी नंतर कागदावर उतरवून पाहिली. कामाची माहिती चार ओळींत मावली.

त्या मेसेजमध्ये या लेखाचे तिन्ही प्रश्न एकत्र आले आहेत. माझं उत्तर आधीच सांगते. पहिल्या मेसेजमध्ये इमोजी नको. संक्षेप फक्त तेच, जे समोरच्याने स्वतःच्या प्रोफाइलवरच्या माहितीत वापरले आहेत. व्हॉइस नोट पहिला मेसेज म्हणून नको. तिला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. हे नियम सभ्यता दाखवण्यासाठी नाहीत. समोरच्याला तुम्ही खरे आहात की नाही हे ताडून पाहायचं असतं, आणि या तिन्ही गोष्टींमुळे ते अवघड होतं.

पायरी 1: मेसेज त्याच्या स्क्रीनवर कसा दिसेल ते पाहा

तुम्ही मेसेज लिहिता तेव्हा तुमच्यासमोर पूर्ण मजकूर असतो. समोरच्याला आधी दिसतो एक अनोळखी नंबर आणि नोटिफिकेशनमधली पहिली एक-दोन वाक्यं. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी नंबरचा मेसेज उघडला की त्याच पडद्यावर ब्लॉक करण्याचा पर्यायही समोर येतो. म्हणजे वाचणाऱ्याला पहिला निर्णय घ्यायचा असतो तो काम घ्यावं की नाही याचा नव्हे, तर या माणसाला आत येऊ द्यावं की नाही याचा.

घरबसल्या कामाचं आमिष दाखवणारे फसवणुकीचे मेसेज आता बहुतेकांनी पाहिलेले आहेत. त्यांची एक ठरावीक ठेवण असते: सुरुवातीला 🎉 किंवा 👋, प्रत्येक ओळीपुढे 📌 💰 📅, कामाबद्दल मोघम बोलणं आणि तातडी. तुमचं काम शंभर टक्के खरं असलं तरी मेसेज तसा दिसत असेल तर तो त्याच ढिगात जातो.

म्हणून पहिल्या दोन वाक्यांत तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: तुम्ही कोण, नंबर कुठून मिळाला, काम कसलं. ‘हाय’ असा एकटा मेसेज पाठवून उत्तराची वाट पाहू नका. त्याने नोटिफिकेशनची जागा वाया जाते आणि समोरच्याला आंधळेपणाने ‘बोला’ म्हणावं लागतं.

पायरी 2: आधी काहीच न सजवता लिहून काढा

इमोजी ठेवावा की काढावा हे मजकूर पूर्ण असल्याशिवाय ठरवता येत नाही. बऱ्याचदा इमोजी तिथे येतो जिथे माहिती कमी असते. ‘मानधन चांगलं देऊ 💰’ असं लिहिणाऱ्याने मानधन सांगितलेलंच नसतं.

तेव्हा कच्चा मसुदा लिहा. त्यात कामाचा आकार मोजता येईल अशा भाषेत हवा. ‘एक छोटं पुस्तक आहे’ याने काही कळत नाही, ‘साधारण 38,000 शब्द’ याने कळतं. काम कोणत्या अवस्थेत आहे, कधीपर्यंत हवं आहे, पैसे कसे मोजणार आणि कधी देणार, आणि शेवटी एकच प्रश्न, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येईल. मानधनाची रक्कम ठरलेली नसेल तर ‘तुमचा दर कळवा’ एवढंच स्पष्ट लिहा, पण मोजमाप कोणतं हे सांगा: पानामागे, हजार शब्दांमागे की तासामागे.

पायरी 3: इमोजी एकेक करून काढून पाहा

मसुद्यात इमोजी आलेच असतील तर प्रत्येकाला काढून वाक्य पुन्हा वाचा. अर्थ तोच राहिला तर इमोजीची गरज नव्हती. अर्थ बदलला तर तो अर्थ शब्दांत लिहायला हवा होता. दोन्ही बाजूंनी तो जातोच.

‘पण इमोजीमुळे आपुलकी वाटते ना?’ असं मला सोबत काम करणारी एक मुलगी विचारायची. ओळखीच्या माणसांत वाटते, हे खरं आहे. अनोळखी माणसात चित्र वेगळं दिसतं. 2017 साली इस्रायल आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 29 देशांतल्या लोकांवर प्रयोग करून पाहिले. कामासंबंधीच्या पहिल्या ईमेलमध्ये हसरा चेहरा टाकला तर पाठवणारा जास्त प्रेमळ वाटला नाही, उलट कामात कमी जाणता वाटला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे अशा ईमेलला उत्तर देताना लोकांनी माहितीही कमी दिली. त्याच प्रयोगांत हसऱ्या चेहऱ्याचा खरा फोटो मात्र उपयोगी पडला होता. म्हणून आपलेपणा दाखवायचा असेल तर प्रोफाइलला स्वतःचा स्पष्ट फोटो लावा आणि नाव पूर्ण लिहा. फुलाचा किंवा सुविचाराचा फोटो लावलेल्या नंबरवरून कामाची विचारणा आली की मी तरी थबकते.

दुसरी अडचण अर्थाची आहे. इमोजीचा सांकेतिक क्रमांक युनिकोडमध्ये एकच असला तरी चित्र प्रत्येक कंपनी आपापलं काढते, त्यामुळे तुम्ही पाठवलेला चेहरा समोरच्याच्या फोनवर थोडा वेगळा दिसू शकतो. आणि चित्र सारखं असलं तरी वाचन सारखं नसतं. 🙏 हा कोणाला नमस्कार वाटतो, कोणाला आभार, कोणाला विनवणी. ‘दर सांगा 🙏’ यात तुम्ही अदबीने विचारताय की दर कमी करा म्हणताय? मी हा मेसेज दोन्ही प्रकारे वाचला आहे.

दृष्टिहीन वाचकाचा फोन इमोजीचं नाव मोठ्याने वाचतो. ओळीच्या शेवटी पाच इमोजी असतील तर पाच नावं ओळीने ऐकावी लागतात, आणि प्रत्येक ओळीआधी 📌 असेल तर प्रत्येक ओळ ‘पुशपिन’ म्हणून सुरू होते. समोरचा माणूस अनोळखी आहे, तो फोन कसा वापरतो हे तुम्हाला माहीत नाही.

अपवाद एकच मानते. ज्याला मेसेज करताय त्याचं कामच या भाषेत चालतं, उदाहरणार्थ समाजमाध्यमांसाठी मजकूर लिहिणारा, आणि त्याच्या स्वतःच्या प्रोफाइलवर इमोजी आहेत, तर शेवटी एखादा चालेल. तिथेही माहितीच्या जागी नको.

पायरी 4: संक्षेप सोडवा

संक्षेप तीन प्रकारचे असतात. पहिला आळसाचा: प्लीजचं ‘प्ली’, थँक्सचं ‘थँ’, व्हॉइस नोटचं ‘व्हीएन’. हे सरसकट काढा. 2024 साली अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या आठ प्रयोगांत मिळून 5,000 हून अधिक लोक होते. संक्षेप वापरणारा माणूस वाचणाऱ्यांना कमी मनापासून बोलणारा वाटला आणि त्याला उत्तर द्यावंसं कमी वाटलं. कारण साधं होतं: याने माझ्यासाठी कष्ट घेतले नाहीत, असं वाचणाऱ्याला वाटत होतं. कामासाठी कोणाला विचारताना ही भावना पहिल्याच क्षणी निर्माण झाली तर पुढचं बोलणं जड जातं.

दुसरा प्रकार नोकरभरतीचा: सीटीसी, जेडी, डब्ल्यूएफएच, एनपी. भरती करणाऱ्यांना हे शब्द दिवसभर तोंडात असतात, म्हणून ते सगळ्यांना कळतात असा समज होतो. पहिलीच नोकरी शोधणाऱ्याला किंवा स्वतंत्र काम करणाऱ्याला ते कळतीलच असं नाही, आणि ‘हे काय?’ असं अनोळखी माणसाला विचारायला तो लाजतो. मग तो उत्तरच देत नाही. ‘वार्षिक पगार’, ‘कामाचं वर्णन’, ‘घरून काम’, ‘आधीची नोकरी सोडायला लागणारी मुदत’ असं लिहिलं तर दोन-चार शब्द वाढतात, एवढंच.

तिसरा प्रकार त्या धंद्यातल्या संक्षेपांचा. ‘पीडीएफ’ मुद्रितशोधकाला सोडवून सांगायची गरज नाही. पण ‘पीपी’? त्या माणसाला ‘पानामागे’ म्हणायचं होतं हे मला व्हॉइस नोट ऐकल्यावर कळलं. परीक्षा सोपी आहे: समोरच्याने स्वतःच्या माहितीत हा संक्षेप वापरला आहे का? असेल तर ठेवा. नसेल तर पूर्ण लिहा.

एक संक्षेप लोकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे तारीख. 05/06 म्हणजे कोणासाठी 5 जून, कोणासाठी 6 मे. मुदतीची तारीख नेहमी महिन्याच्या नावासकट लिहा. ‘एएसएपी’ ऐवजीही तारीखच लिहा. ‘शक्य तितक्या लवकर’ म्हणजे तुमच्या मनात 2 दिवस आणि त्याच्या मनात 2 आठवडे असू शकतात.

पायरी 5: व्हॉइस नोट कधी, आणि कशी

इथे मी जरा जास्त थांबते, कारण व्हॉइस नोटचा मोह खरा आहे. बोलणं सोपं असतं, आवाजात माणूस कळतो, टाइप करायचा त्रास वाचतो. पण वाचलेला त्रास सगळा तुमचा असतो. ऐकणाऱ्याला शांत जागा किंवा इयरफोन शोधावा लागतो. नोटिफिकेशनमध्ये त्याला माइकचं चिन्ह आणि वेळ दिसते, आत काय आहे ते दिसत नाही. म्हणजे तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याआधीच त्याने तुम्हाला वेळ द्यायचा.

पुढचे तोटे काम सुरू झाल्यावर दिसतात. ‘मुदत काय म्हणाला होता?’ हे चॅटमध्ये शोधायला गेलं तर आवाजातले शब्द शोधात सापडत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपने 2024 च्या अखेरीस व्हॉइस नोटचा मजकूर करून वाचण्याची सोय जाहीर केली, पण ती मोजक्याच भाषांसाठी होती आणि वाचणाऱ्याने ती स्वतः चालू करावी लागते. पाठवणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये. आकडेही आवाजात निसटतात. घाईत म्हटलेले ‘पन्नास’ आणि ‘पंचावन्न’ वेगळे ऐकू येतीलच असं नाही. ज्याला ऐकू कमी येतं त्याच्यासाठी तर तो मेसेज आलाच नाही, असं धरा.

आता अपवाद. पहिला: समोरची व्यक्ती वाचण्यापेक्षा ऐकण्यात सहज आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. स्वयंपाक, सफाई, वाहन चालवणं, सुतारकाम अशा कामांसाठी माणूस शोधताना हे नेहमी घडतं. तिथे लांब लेखी मेसेज हाच अडथळा ठरतो. पण अशा वेळी व्हॉइस नोटपेक्षा फोन बरा, कारण त्याला लगेच विचारता येतं. फोन उचलला गेला नाही तर नोट पाठवा. दुसरा अपवाद: कामच आवाजाचं आहे, जसं निवेदन किंवा ध्वनिमुद्रण, आणि तुम्हाला हवा असलेला सूर लिहून सांगता येत नाही. तिसरा: समोरच्याने आपल्या माहितीत ‘व्हॉइस नोट पाठवा’ असं स्वतः लिहिलं आहे.

या तिन्ही वेळी क्रम असा ठेवा. आधी दोन ओळींचा लेखी मेसेज: कोण, नंबर कुठून, काम कसलं. मग 30 सेकंदांच्या आतली नोट. बोलण्याआधी तीन मुद्दे कागदावर लिहून घ्या, नाहीतर पहिली 10 सेकंदं ‘हॅलो, हां, तर मी काय म्हणत होतो’ यातच जातात. पाठवण्याआधी एकदा ऐका. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये तशी सोय आहे. नोटमध्ये तारीख, रक्कम किंवा पत्ता बोललात तर त्याच वेळी लिहूनही पाठवा. वाचायला अडचण असलेला माणूसही आकडे बहुधा ओळखतो, आणि घरातल्या कोणाला तरी तो मेसेज दाखवू शकतो.

एकदाच ऐकता येणारी नोट कामाच्या बोलण्यात कधीही पाठवू नका. ती ऐकल्यावर नाहीशी होते, आणि अनोळखी माणसाने दिलेलं आश्वासन नाहीसं होणार असेल तर सावध माणूस तिथेच थांबतो. थांबलाच पाहिजे.

पायरी 6: तोच मेसेज पुन्हा लिहून

सुरुवातीचा मेसेज आणि त्याखालची व्हॉइस नोट मिळून असं लिहिता आलं असतं. व्हॉइस नोटमध्ये जे नव्हतं, ते मी भरलं आहे. कंसातली माहिती ज्याची त्याने घालायची.

> नमस्कार. मी (पूर्ण नाव). तुमचा नंबर (ओळखीच्या व्यक्तीचं नाव) यांनी दिला. एका पुस्तकाच्या मुद्रितशोधनासाठी विचारतो आहे.
>
> पुस्तक आत्मकथन आहे, साधारण 38,000 शब्द. मजकूर वर्ड फाइलमध्ये तयार आहे. दोन वाचनं हवी आहेत: पहिलं या फाइलवर आणि दुसरं पानांची मांडणी झाल्यावर पीडीएफवर.
>
> पहिल्या वाचनासाठी 3 आठवडे देता येतील. मानधन हजार शब्दांमागे (रक्कम). अर्धं पहिलं वाचन झाल्यावर, अर्धं दुसरं झाल्यावर.
>
> या महिन्यात तुम्हाला वेळ आहे का? असल्यास मजकुराची कल्पना यावी म्हणून 2 पानं पाठवतो. वेळ नसेल तर तेवढंच कळवलंत तरी चालेल.

यात जिव्हाळा कुठे आहे? शेवटच्या वाक्यात. नकार द्यायची वाट मोकळी ठेवणं हे कोणत्याही हसऱ्या चेहऱ्यापेक्षा जास्त जाणवतं. आणि 2 पानं पाठवतोय ती मजकूर किती कच्चा आहे हे मुद्रितशोधकाला दिसावं म्हणून. ती फुकट तपासून मागण्यासाठी नव्हे. फुकट नमुना मागायचा असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणता येईल.

संबोधनाबद्दल एवढंच: अनोळखी माणसाला थेट ‘ताई’, ‘दादा’ किंवा ‘डिअर’ नको. नुसता ‘नमस्कार’ पुरतो.

पायरी 7: उत्तर आलं की त्यावरून मेसेज तपासा

‘कोण?’ असं उत्तर आलं तर पहिल्या वाक्यात तुमची ओळख नव्हती. ‘नंबर कुठून मिळाला?’ आलं तर दुसरी गोष्ट राहिली. ‘नक्की काय करायचं आहे?’ आलं तर आकार राहिला. हे प्रश्न तीन-चार जणांकडून आले तर दोष त्यांचा नाही, मसुद्याचा आहे; तो दुरुस्त करूनच पुढच्याला पाठवा. व्हॉइस नोट पाठवली असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर तिचं माइकचं चिन्ह निळं झालं का ते पाहा. टिकमार्क निळे पण माइक निळा नाही, याचा अर्थ बहुधा मेसेज पाहिला, नोट ऐकली नाही. तेव्हा दुसरी नोट पाठवू नका. तीच माहिती लिहून पाठवा. (वाचल्याची खूण समोरच्याने बंद ठेवलेली असू शकते, म्हणून या खुणांवरून राग धरू नये.) काहीच उत्तर नसेल तर 3 दिवसांनी एकच आठवण, त्याच संभाषणात, ‘काम अजून आहे’ एवढ्या अर्थाची.

समोरच्याने उत्तरात 🙂 पाठवला तर आता तुम्हीही पाठवायला हरकत नाही. त्याने व्हॉइस नोट पाठवली तर तुम्ही बोलून उत्तर देऊ शकता. ही दारं त्याने उघडायची असतात.

एक दार मात्र काम ठरेपर्यंत बंदच ठेवा. कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतात 2021 साली धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून ‘करार पक्का आहे ना, कळवा’ असं लिहिलं. त्याने 👍 पाठवला. जवस आलं नाही. शेतकऱ्याचं म्हणणं होतं की करार मिळाल्याचं मी कळवलं, मान्य आहे असं म्हटलं नाही. 2023 मध्ये न्यायालयाने तो अंगठा म्हणजे होकारच धरला आणि 82,000 कॅनडियन डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. निकालात एक गोष्ट मोलाची ठरली: त्या दोघांमध्ये आधीचे करारही ‘ओके’, ‘ठीक आहे’ अशा एकेका शब्दावर पक्के होऊन पार पडले होते. त्या इतिहासामुळे अंगठ्याचा अर्थ लावता आला. तुमच्यात आणि अनोळखी मुद्रितशोधकात असा इतिहास नाही.

म्हणून मानधन आणि मुदत ठरली की 👍 वर थांबू नका. ‘म्हणजे 38,000 शब्द, दोन वाचनं, पहिलं अमुक तारखेपर्यंत, मानधन अमुक. असंच ठरलं ना?’ असं लिहा, आणि समोरून ‘हो’ हा शब्द आल्यावर फाइल पाठवा.